मानेवरचा काळा थर : मळ की शरीराची सूचना?

(मोडनिंब येथे मंडळाच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मला आरोग्यावर बोलण्यास सांगण्यात आले. आरोग्य हा विषय समुद्रासारखा आहे. तासाभरात त्याचा काठही गाठता येणार नाही. म्हणून मी एकच गोष्ट निवडली आहे, आणि ती पाहण्यासाठी यंत्र लागत नाही, सुई लागत नाही, पैसाही लागत नाही. घरी गेल्यावर मुलांच्या मानेच्या मागच्या बाजूला पाहायचे, एवढेच.

काही मुलामुलींच्या मानेवर, केसांच्या खाली, काळसर पट्टा दिसतो. तेथील कातडी जाडसर होते, घड्या ठळक होतात, आणि बोट फिरवले तर मखमलीवरून हात फिरवल्यासारखे लागते. काखेत, जांघेत, कोपरावर, बोटांच्या सांध्यांवरही असेच दिसू शकते. जवळच लहान लहान मऊ चामखिळी लोंबत असतात. खाज बहुधा नसते, दुखत नाही, आग होत नाही. त्यामुळे त्याला कोणी दुखणे मानत नाही. मळ मानतात. "मान घासत जा नीट," असे आई म्हणते. वर्गात मुले हसतात. मग न्हाणीघरात वजरी येते, लिंबाची फोड येते, हळद-बेसन येते, तारेची घासणीसुद्धा येते. कातडी सोलली जाते, चुरचुरते, आणि पट्टा आहे तेथेच राहतो. घासून घासून कधी कधी अधिकच काळा होतो.

आपल्या समाजाला 'अस्वच्छ' या शब्दाचा किती जुना डंख आहे हे या सभेत सांगायला नको. ज्या मुलीची मान स्वच्छ आहे तिला चारचौघांत अस्वच्छ म्हटले जाते, तेव्हा तिचा अपमान तर होतोच. पण तिचे शरीर जी सूचना देत असते, तीही ऐकली जात नाही.

या काळ्या थराला वैद्यकशास्त्रात 'अकँथोसिस निग्रिकन्स' म्हणतात. ग्रीक भाषेत 'अकँथा' म्हणजे काटा आणि लॅटिनमध्ये 'निग्रिकन्स' म्हणजे काळे पडत जाणारे. नाव अवघड आहे, ते पाठ केले नाही तरी चालेल. १८९० च्या सुमारास युरोपातील त्वचारोगतज्ज्ञांनी हे प्रथम नोंदवले. त्यानंतर बरीच वर्षे हे पोटातील कर्करोगाचे लक्षण म्हणून पुस्तकांत शिकवले जात होते. पुढे लक्षात आले की, बहुतेक रुग्णांत कर्करोग नसतोच. १९७६ मध्ये अमेरिकेतील रोनाल्ड कान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा काही रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यांच्या त्वचेवर हा काळा थर होता आणि ज्यांच्या शरीरावर इन्शुलिनचा परिणाम फारच कमी होत होता. ते रुग्ण विरळ प्रकारचे होते. पण तेथून धागा सापडला आणि आज आपण जाणतो की, लठ्ठपणाबरोबर तरुण मुलांत दिसणाऱ्या या थरामागे बहुतेक वेळा तेच कारण असते. त्याला इन्शुलिन-प्रतिरोध म्हणतात.

हा प्रतिरोध म्हणजे काय? आपल्याकडे उजनीचे पाणी आले तेव्हापासून उसाला दारे धरणे सगळ्यांना माहीत आहे. पाटाला पाणी आहे, पण सरीत ते आपोआप जात नाही. कोणीतरी फावड्याने दारे फोडावे लागते. रक्तातली साखर म्हणजे पाटाचे पाणी. स्नायू आणि चरबीच्या पेशी म्हणजे सऱ्या. इन्शुलिन हा दारे धरणारा माणूस. तो स्वादुपिंडातून येतो, पेशीचे दार उघडतो आणि साखर आत सोडतो. शिवाय यकृताला तो सांगतो की, आता तू तुझ्याकडची साखर पाटात सोडू नकोस.

काही शरीरांत ही दारे घट्ट होतात. एका माणसाने उघडत नाहीत. मग स्वादुपिंड दोन माणसे पाठवते, तीन पाठवते, पाच पाठवते. पाच जणांनी मिळून दार उघडले की साखर आत जाते आणि पाटाची पातळी पूर्वीइतकीच राहते. अशा वेळी रक्तातली साखर तपासली तर ती बिनचूक निघते. कागदावर सगळे ठीक. मात्र एका माणसाचे काम पाच जण करत आहेत, हे त्या कागदावर लिहिलेले नसते.

ते मानेवर लिहिलेले असते. कारण रक्तात इन्शुलिन फार वाढले की ते आपले दार सोडून दुसऱ्याही दारांवर थाप मारू लागते. त्वचेच्या पेशींवर वाढीची सूचना घेणारी काही दारे असतात. ती खरी दुसऱ्या द्रव्यासाठी, इन्शुलिनसारख्याच दिसणाऱ्या वाढ-घटकासाठी असतात. वाढलेले इन्शुलिन तीही उघडते. मग त्वचेचा वरचा थर गरजेपेक्षा जास्त वाढतो, जाड होतो, त्यात बारीक बारीक घड्या पडतात. नांगरलेले रान दुरून सपाट रानापेक्षा गडद दिसते, तसे हे आहे. काळेपणा येतो तो मुख्यतः या जाडीमुळे आणि घड्यांमुळे. रंगद्रव्याची भर त्यात थोडी असते. म्हणून साबणाने तो जात नाही. तो कातडीवर बसलेला नाही, कातडीच तशी वाढली आहे.

आता ओळखायचे कसे? आपल्याकडे उन्हाने मान रापते, आणि आपले वर्ण सावळे. त्यामुळे केवळ काळेपणावर जाऊ नये. मी तीन गोष्टी पाहतो. पहिली, घडी ताणून बघा. उन्हाने रापलेल्या मानेत घडीच्या आतली रेष उजळ राहते, कारण तेथे ऊन पोचत नाही. या थरात उलट असते. घडीच्या आतच सर्वांत काळे असते. दुसरी, बोट फिरवा. रापलेली कातडी नेहमीसारखी लागते. येथे ती जाड आणि मखमली लागते. तिसरी, काख पाहा. काखेला ऊन लागत नाही. मान आणि काख दोन्ही ठिकाणी सारखाच थर असेल तर उन्हाचा प्रश्नच मिटला.

मळाचा संशय राहिला तर वजरी नको. दवाखान्यात स्पिरिटचा बोळा घेऊन हलक्या हाताने पुसून पाहतात. काही मुलांच्या कातडीवर मृत पेशींचा आणि तेलकटपणाचा असा चिवट लेप बसतो, की तो साबणाने निघत नाही आणि स्पिरिटने मात्र लगेच निघतो. खालची कातडी स्वच्छ दिसते. तो वेगळा आणि निरुपद्रवी प्रकार. आपण ज्या थराविषयी बोलतो आहोत तो स्पिरिटनेही निघत नाही. गजकर्ण असेल तर खाज असते आणि कडा लालसर, उठलेल्या असतात. शिब्यात बारीक कोंड्यासारखे पापुद्रे सुटतात. बनावट दागिन्याच्या साखळीने जो काळा डाग पडतो तो साखळीच्या रेषेवरच असतो आणि त्याआधी तेथे खाजलेले असते.

थर किती आहे हे मोजण्याचीही सोपी रीत आहे. १९९९ मध्ये एक श्रेणी प्रसिद्ध झाली, ती आजही वापरतात. जवळ जाऊन पाहिल्यावरच दिसला तर एक. मानेच्या मागे, केसांच्या मुळाशी मर्यादित असला तर दोन. मानेच्या दोन्ही कडांपर्यंत पसरला, पण समोरून दिसत नाही, तर तीन. समोर उभे राहिल्यावरही दिसला तर चार. पुढच्या वेळी कमी झाला की वाढला, हे सांगायला हा आकडा उपयोगी पडतो.

आता एक उदाहरण पायरीपायरीने पाहू. ही एका विशिष्ट मुलीची हकिगत नाही. माझ्याकडे येणाऱ्या अनेक मुलींवरून जुळवलेली आहे. मुलगी पंधरा वर्षांची, दहावीत शिकणारी. आई तिला रंग उजळण्याच्या मलमासाठी घेऊन येते. मानेवर तिसऱ्या श्रेणीचा थर, काखेतही आहे. घरी मेडिकलमधून आणलेले एक मलम तीन महिने लावून झाले आहे. त्यात तीव्र स्टेरॉइड असते. त्याने मान थोडी उजळल्यासारखी वाटते, कातडी पातळ पडते, लाल शिरा दिसू लागतात, आणि मलम थांबवले की काळेपणा परत येतो.

प्रथम वजन, उंची आणि कंबर. उंची १५२ सेंटिमीटर, वजन ५८ किलो. कंबर ८४ सेंटिमीटर. एक साधा नियम लक्षात ठेवा : कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावी. हिच्या उंचीचे निम्मे ७६. म्हणजे कंबर ८ सेंटिमीटर जास्त. कंबर मोजताना टेप बेंबीच्या जरा वर, बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर धरावा आणि श्वास सोडल्यावर वाचावा. मग घरची माहिती. वडिलांना मधुमेह, आजीला होता. मुलीची पाळी दोन-दोन, तीन-तीन महिन्यांनी येते. ही गोष्ट आई विचारल्याशिवाय सांगत नाही, म्हणून विचारावी लागते. बीजकोशाचा एक विकार या प्रतिरोधाबरोबर जोडीने येतो. त्यात पाळी लांबते आणि हनुवटीवर राठ केस येऊ शकतात.

नंतर रक्त. उपाशीपोटी साखर ९४ मिलिग्रॅम. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी साखर १३२. उपाशीपोटी १०० च्या आत आणि दोन तासांनी १४० च्या आत म्हणजे साखर प्राकृत. येथे अनेक घरांत निश्वास सोडला जातो आणि कागद ट्रंकेत जातो. पण त्याच कागदावर पुढे आहे : ट्रायग्लिसराइड नावाची चरबी १६८, म्हणजे वाढलेली, आणि उपकारक समजले जाणारे एचडीएल ३६, म्हणजे कमी. मान, कंबर, पाळी आणि ही चरबी, चारही साक्षीदार एकच गोष्ट सांगत आहेत. साखर अजून बोललेली नाही, कारण पाच माणसे राबत आहेत.

तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए-वन-सी तपासणी हिच्यात ५.९ टक्के आली. ५.७ ते ६.४ हा मधुमेहापूर्वीचा टप्पा धरतात. मग साखर प्राकृत आणि सरासरी वाढलेली, असे कसे? येथे घाई करू नये. हिचे हिमोग्लोबिन ९.६ आहे. लोह कमी पडून आलेल्या पंडुरोगात ही सरासरी खोटी वाढलेली दिसते. आपल्या भागात मुलींत पंडुरोग घरोघरी आहे, म्हणून हा आकडा एकटा धरून मुलीला रोगी ठरवू नये. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेल आहे. तो असलेल्यांतही ही तपासणी फसवते. आधी हिमोग्लोबिन पाहावे, आणि शंका असल्यास ग्लुकोज पाजून केलेली तपासणी खरी मानावी.

कोणी विचारील, मग रक्तातले इन्शुलिनच का मोजत नाही? मोजता येते. पण वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत, आणि वयात येताना इन्शुलिन सर्वच मुलांत काही काळ वाढते. शिवाय आकडा कितीही आला तरी करायचे तेच करायचे असते. ज्या तपासणीने उपचार बदलत नाही तिच्यावर मजुरीचे पैसे घालवू नयेत.

या मुलीच्या घरी काय बदलले ते सांगतो. दिवसाला चार कप चहा, प्रत्येक कपात दोन चमचे साखर. चमचा पाच ग्रॅमचा धरला तर दिवसाला ४० ग्रॅम, महिन्याला सव्वा किलोच्या आसपास साखर एकट्या मुलीच्या पोटात चहातूनच जात होती, आणि प्रत्येक चहाबरोबर बिस्किटे. चहा दोन कपांवर आला, साखर कपाला अर्ध्या चमच्यावर आली, बिस्किटांच्या जागी भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे मूठभर आले. भाकरी बंद केली नाही. ज्वारी चांगली, पण तीही शेवटी पिष्टच. तीन भाकऱ्या आणि पातळ कालवण याऐवजी दोन भाकऱ्या, वाटीभर घट्ट मटकीची उसळ किंवा डाळ, जमेल तेव्हा अंडे किंवा मासळी, आणि कांदा-काकडी असे ताट झाले. वाढत्या वयाच्या मुलीला उपाशी ठेवायचे नसते. डाएटच्या नावाखाली रात्रीचे जेवण तोडले की पंडुरोग वाढतो.

दुसरी गोष्ट चालणे. स्नायू काम करू लागला की तो इन्शुलिनची वाट न पाहता साखर ओढून घेतो. दार आतून उघडल्यासारखे होते, आणि व्यायाम थांबल्यावरही काही तास, कधी दिवसभर, दारे सैल राहतात. म्हणून आठवड्यातून एकदा खूप धावण्यापेक्षा रोज करणे महत्त्वाचे. मुलांना दिवसाला तासभर अंगमेहनत हवी. ही मुलगी रिक्षा सोडून सायकलने शाळेत जाऊ लागली आणि संध्याकाळी आईबरोबर अर्धा तास झपाट्याने चालू लागली. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. मलम बंद झाले.

आठ महिन्यांनी उंची १५४, वजन ५५, कंबर ७७. म्हणजे उंचीच्या बरोबर निम्मी. हिमोग्लोबिन १२.१, आणि आता एचबीए-वन-सी ५.५. ट्रायग्लिसराइड १२० च्या खाली. पाळी महिना-सव्वा महिन्याने येऊ लागली. मानेवरचा थर तिसऱ्या श्रेणीवरून पहिल्यावर आला. पूर्ण गेला नाही. हे लक्षात ठेवा. इन्शुलिन आठवड्यांत उतरते, कातडीला महिने लागतात, आणि थोडा रंग राहूनही जातो. सहा आठवड्यांत मान गोरी झाली नाही म्हणून सायकल सोडणारे पुष्कळ असतात. पहिला फरक बोटाला कळतो : कातडी मऊ होते, घड्या उथळ होतात. रंग मागाहून उतरतो.

त्वचेचे डॉक्टर काही मलमे देतात, त्यांनी जाडी कमी होते. लाजेमुळे मुलीचे शाळेत जाणे अवघड झाले असेल तर ती जरूर घ्यावीत. पण ती डॉक्टरांनी दिलेली असावीत, आणि कंबर तशीच ठेवून मान उजळली तर सूचना पुसली जाते, कारण मात्र आत राहते. मेटफॉर्मिन नावाची गोळीही काहींना द्यावी लागते. ते साखर, वय, पाळी, मूत्रपिंड पाहून ठरते. केवळ मान काळी म्हणून गोळी नाही.

"आमचा मुलगा तर बारीक आहे, मग हे त्याला कसे?" असा प्रश्न मला नेहमी येतो. त्याचे उत्तर पुण्यात सापडले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर माता आणि त्यांची मुले यांचा अभ्यास सुरू केला. तेथील बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे हातापायांनी बारीक, स्नायूंनी कमी. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे बाळ दिसायला किरकोळ आणि आत चरबी राखून असलेले. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांचे छायाचित्र छापले गेले. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनाचा काटा दोघांना सारखेच सांगत होता. म्हणून आपल्याकडे काट्यापेक्षा कंबरेची टेप जास्त खरी बोलते. प्रौढ पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० च्या आत असावी, असे भारतीयांसाठी धरतात.

आता या खुणेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मान काळी म्हणजे मधुमेह झाला, असे नाही. कित्येकांना तो होणारही नाही. काही घराण्यांत हा थर जन्मजात प्रवृत्तीने येतो. स्टेरॉइडसारख्या काही औषधांनीही येतो. उलट मान स्वच्छ आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. प्रतिरोध असलेल्या अनेकांच्या मानेवर काहीच दिसत नाही. ही खूण म्हणजे तपासणीचे निमंत्रण, निकाल नव्हे. हा थर संसर्गजन्य नाही. त्या मुलाबरोबर बाकावर बसायला, त्याचा पंचा वापरायला काही हरकत नाही.

एक प्रसंग मात्र वेगळा आहे आणि तो विसरू नका. वय चाळिशी-पन्नाशीच्या पुढे, माणूस मुळात बारीक, आणि काही आठवड्यांत एकाएकी हा थर आला, झपाट्याने पसरला, ओठांवर किंवा तोंडात पसरला, तळहात जाड खरखरीत झाले, भूक मेली, वजन उतरू लागले, तर वाट पाहू नये. ते क्वचितच घडते, पण जठराचा कर्करोग अशा रूपाने समोर येऊ शकतो. अशा माणसाला सोलापूरला श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात त्वरित न्यावे.

सरकारी तपासणीविषयीही एक शब्द. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात साखर आणि रक्तदाब यांची सार्वत्रिक तपासणी तीस वर्षांपासून पुढे होते. ती जरूर करून घ्या. पण मान पंधराव्या वर्षी बोलते आणि साखर मोजणारे तिसाव्या वर्षी येतात. मधली पंधरा वर्षे आपल्या हातात आहेत. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, तेव्हा मुलामुलींनी लाज न धरता मान दाखवावी. साखर प्राकृत निघाली तरी थर असलेल्या मुलाची तपासणी वर्षातून एकदा पुन्हा करावी. आणि तहान फार लागणे, रात्री वारंवार लघवीला उठणे, कारण नसताना वजन घटणे यांपैकी काही दिसले तर वर्षाची वाट न पाहता त्याच आठवड्यात.

या पंधरा वर्षांत काही करून खरोखर फरक पडतो का? चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी २००६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. साखर वाढू लागलेली, पण अजून मधुमेह न झालेली ५३१ भारतीय प्रौढ माणसे त्यात होती. सुमारे अडीच वर्षांत, ज्यांना काहीच विशेष सांगितले नव्हते त्यांच्यात शंभरातील ५५ जणांना मधुमेह झाला. ज्यांना आहार आणि चालणे नीट समजावून दिले त्यांच्यात ३९ जणांना. गोळी घेणाऱ्यांत ४० जणांना. म्हणजे चालण्याचा आणि ताटातल्या बदलाचा गुण गोळीइतका होता. शंभरातील सोळा माणसे त्या काळात तरी वाचली. सगळी वाचली नाहीत, हेही खरे. पण ज्यांच्यावर हे केले त्यांची साखर आधीच चढू लागलेली होती; आपण पंधराव्या वर्षाबद्दल बोलत आहोत.

बाबासाहेबांना अखेरच्या वर्षांत मधुमेहाने किती त्रास दिला, ते आपण त्यांच्या चरित्रात वाचले आहे. डोळे थकले, पाय थकले, आणि अशा शरीराने ते रात्र रात्र लिहीत बसत. त्या काळी हा रोग आधी ओळखण्याची साधने फारशी नव्हती. आज ती आपल्या डोळ्यांत आणि बोटांत आहेत.

तेव्हा आज घरी गेल्यावर मुलांची मान, काख पाहा. थर दिसला तर वजरी बाजूला ठेवा आणि शिवणाची टेप काढा. उंची मोजा, कंबर मोजा, दोन्ही आकडे वहीत तारखेसह लिहा, आणि ती वही घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आपल्या डॉक्टरांकडे जा. आणि शिक्षक बंधू-भगिनींना विनंती, कोणाची मान काळी दिसली तर वर्गासमोर बोलू नका. त्याला बाजूला बोलवा आणि पालकांसाठी एक चिठ्ठी द्या.